दोघांचा व्हिडिओ, एकाचं चॅनल: व्ह्यूज कोणाचे आणि पैसे कोणाचे?

मीठभाकर
नमस्कार मंडळी. माझं कोल्हापुरी स्वयंपाकाचं यूट्यूब चॅनल आहे, 9 हजार सबस्क्रायबर. मसाल्यांवर व्हिडिओ करणाऱ्या एका दादांचं चॅनल 1 लाख 80 हजारांचं आहे. त्यांनी तांबडा-पांढरा रश्श्यावर एकत्र व्हिडिओ करू या असं सुचवलंय. मोठा व्हिडिओ त्यांच्या चॅनलवर जाईल आणि मला त्यात कोलॅबोरेटर म्हणून जोडतील. शिवाय इन्स्टाग्रामवर दोघांच्या नावाने एक रील.

माझे प्रश्न असे: त्या व्हिडिओचे व्ह्यूज आणि वॉच टाइम माझ्या चॅनलला मोजले जातील का? पार्टनर प्रोग्रॅमसाठी, म्हणजे जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला लागणारे माझे 4000 तास अजून पूर्ण व्हायचेत. जाहिरातीचे पैसे आपोआप वाटले जातात का? आणि रीलचे व्ह्यूज दोघांचे वेगवेगळे दिसतात की एकच?

पोटोबा
ताई, यूट्यूबवर कोलॅबोरेटर केलं की पैसे अर्धे-अर्धे होतात. म्हणून तर ते फीचर काढलंय. इन्स्टावर तुमच्या फॉलोअरचे व्ह्यूज तुमच्याकडे, त्यांच्या फॉलोअरचे त्यांच्याकडे. आणि सगळ्यात सोपा उपाय म्हणजे तोच व्हिडिओ दोन्ही चॅनलवर टाका, दोघंही कमवा.

सह्यकडा
पोटोबा, तिन्ही गोष्टी तपासून घ्यायला हव्यात. त्यावर विसंबून ताईंनी होकार दिला तर पुढे वाद होईल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

यूट्यूबवर व्हिडिओ ज्या चॅनलवरून चढवला, त्याचे जाहिरातीचे सगळे पैसे त्याच चॅनलच्या ॲडसेन्समध्ये जातात. कोलॅबोरेटर म्हणून नाव जोडल्याने एक रुपयाही दुसरीकडे वळत नाही. वाटणी करायची असेल तर ती दोघांनी यूट्यूबच्या बाहेर, आपसात करायची. वॉच टाइमचंही तेच. तास चढवणाऱ्या चॅनलचे. म्हणजे मीठभाकरताई, रश्श्याचा व्हिडिओ कितीही चालला तरी तुमच्या 4000 तासांत त्याची भर पडणार नाही.

मग कोलॅबोरेटर होऊन मिळतं काय? व्हिडिओखाली दोन्ही चॅनलची नावं येतात, बघणाऱ्याला तिथूनच तुम्हाला सबस्क्राइब करता येतं, आणि तो व्हिडिओ तुमच्या प्रेक्षकांनाही सुचवला जाऊ शकतो. तुमच्यासाठी खरी कमाई ती. पैसे हवे असतील तर ते आधी बोलून, लिहून ठरवावे लागतात.

इन्स्टाग्रामचं गणित वेगळं. तिथे पोस्ट एकच असते आणि दोन प्रोफाइलवर दिसते. व्ह्यूज, लाइक आणि कमेंट यांचा आकडा एकच, दोघांकडे तोच. रीलला 80 हजार व्ह्यूज आले तर तुमच्याकडे 80 हजार दिसतील आणि दादांकडेही 80 हजार. ते एकच 80 हजार आहेत. ब्रँडला पाठवायच्या मीडिया किटमध्ये दोघांनी आपापल्या एकूण व्ह्यूजमध्ये तो आकडा धरला आणि एकाच ब्रँडने दोघांनाही विचारलं, तर तिथे प्रश्न येतो. अशा रीलपुढे "संयुक्त पोस्ट" असं लिहून दुसऱ्या हँडलचं नाव द्यायचं.

पोटोबा
बरं, पैशांचं मान्य. पण तोच व्हिडिओ दोन्हीकडे टाकायला काय हरकत? दोघांचाच तर आहे.

सह्यकडा
दोघांचा असला तरी नुकसान दोन्हीकडे. एकच व्हिडिओ दोनदा असला की शोधात आणि सुचवण्यांत तो स्वतःशीच स्पर्धा करतो. कमेंट फुटतात, वॉच टाइम फुटतो. आणि ताईंचं चॅनल अजून पार्टनर प्रोग्रॅममध्ये नाही. अर्ज केल्यावर चॅनल तपासणाऱ्याला मोठ्या चॅनलवरचाच व्हिडिओ इथे जसाच्या तसा दिसला तर पुनर्वापराच्या नियमाखाली अर्ज नाकारला जाऊ शकतो. दोघांची परवानगी आहे हा मुद्दा तिथे उपयोगी पडत नाही, कारण तो नियम कॉपीराइटचा नाही. चॅनलवर तुमची स्वतःची नवी भर आहे का, एवढंच त्यात बघतात.

त्यापेक्षा एकाच दिवशी दोन वेगळे व्हिडिओ चित्रित करा. दादांच्या चॅनलवर रश्श्याचा मसाला: कोणती मिरची, किती भाजायची, खसखस आणि सुकं खोबरं कधी घालायचं. ताईंच्या चॅनलवर पूर्ण थाळी: मटण शिजवणं, त्याच अळणी पाण्यातून पांढरा रस्सा, मग तांबडा. दोन्ही व्हिडिओंत दोघंही दिसा, दोन्हीत एकमेकांना कोलॅबोरेटर करा आणि शेवटच्या पडद्यावर दुसऱ्या व्हिडिओचा दुवा द्या. आपापल्या व्हिडिओचे पैसे आणि तास आपापले. कोणी कोणाचं देणं लागत नाही, हिशोबाची वहीच उघडावी लागत नाही. माझ्या मते बहुतेक जोड्यांना हीच रीत बरी.

अनामिका_ठाणे
माझा प्रश्न याच विषयावरचा आहे. एका मिक्सर कंपनीने कोलॅबसाठी विचारलंय. पैसे देणार नाहीत, मिक्सर देणार, 23 हजारांचा. रील त्यांच्या अकाउंटशी कोलॅब म्हणून टाकायचं. यात व्ह्यूजचा वाटा कसा मागू?

ताळेबंद
अनामिका, हा धागा दोन क्रिएटरमधल्या वाटणीचा आहे. तुमचं प्रकरण वस्तूच्या बदल्यात जाहिरातीचं. थोडक्यात सांगतो. मिक्सर तुमच्याकडेच राहणार असेल तर तो उत्पन्नासारखा धरला जातो. एका देणाऱ्याकडून वर्षभरात अशा लाभांची किंमत 20 हजारांच्या वर गेली की त्याच्यावर 10 टक्के टीडीएसचा नियम लागतो. शूटनंतर परत केला तर तो लाभ धरत नाहीत. आणि पैसे मिळाले नसले तरी वस्तू मिळाली म्हणजे ती जाहिरातच. जाहिरात उद्योगाच्या एएससीआय या स्वनियमन संस्थेच्या 2021 च्या मार्गदर्शक नियमांनुसार तसं लेबल पोस्टवर सहज दिसेल असं हवं. बाकी चर्चेसाठी नवा धागा काढा, तिथे लिहितो.

मीठभाकर
सह्यकडा, दोन व्हिडिओंची कल्पना आवडली. पण दादांचं म्हणणं असं की त्यांच्या व्हिडिओला लाखभर व्ह्यूज येतील आणि माझ्याला पाच हजार. मेहनत दोघांची सारखी, रेसिपी माझी, स्वयंपाकघर माझं. म्हणून ते स्वतःहून म्हणाले की त्यांच्या व्हिडिओतले 40 टक्के मला देतील. पण 40 टक्के कशाचे आणि मला ते कसे कळणार? त्यांच्यावर विश्वास आहे, पण हिशोब समजला पाहिजे.

सह्यकडा
अगदी योग्य प्रश्नावर आलात. "40 टक्के" म्हणून जोड्या थांबतात आणि तीन महिन्यांनी प्रत्येकाच्या मनात वेगळा आकडा असतो. यूट्यूब स्टुडिओत रोज दिसणारी रक्कम अंदाजी असते. महिना संपला की साधारण पुढच्या 7 ते 12 तारखेदरम्यान पक्की रक्कम ॲडसेन्समध्ये जाते आणि 21 ते 26 दरम्यान पैसे निघतात, तेही चॅनलची शिल्लक 100 डॉलरच्या वर असेल तर. मध्ये अवैध ट्रॅफिकचे पैसे वजा होतात, कोणी कॉपीराइट दावा केला तर तोही वजा. त्यामुळे अंदाजी आणि पक्क्या रकमेत फरक पडतोच. वाटणी नेहमी पक्क्या रकमेवर.

एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते. व्हिडिओ 10 मार्चला चढला. मार्चअखेर स्टुडिओत या व्हिडिओचे 62.40 डॉलर दिसतात, एप्रिलमध्ये पक्की रक्कम 58.10 डॉलर ठरते. त्यातले 22 डॉलर अमेरिकेतल्या प्रेक्षकांमुळे आलेत. दादांनी करविषयक फॉर्म भरलेला असेल तर भारत-अमेरिका करारानुसार त्या 22 वर 15 टक्के, म्हणजे 3.30 डॉलर तिकडेच कापले जातात. उरले 54.80.

आता रुपये. बातम्यांतला दर घ्यायचा नाही, कारण बँक आपला दर लावते आणि शुल्कही घेते. दादांच्या चॅनलचं त्या महिन्याचं एकूण पेमेंट समजा 310 डॉलर आणि खात्यात जमा झाले 26,350 रुपये. भागाकार केला की डॉलरला 85 रुपये पडले. तोच दर या व्हिडिओला लावा: 54.80 गुणिले 85, म्हणजे 4,658 रुपये.

यातून आधी ठरलेला खर्च वजा करायचा. एडिटरचे 2,000 आणि मटण-मसाल्याचे 1,000, ते ज्याने भरले त्याला परत. उरले 1,658. त्याचे 60 टक्के 995, 40 टक्के 663. पहिल्या महिन्याला तुमच्या हातात 663 रुपये येतील. तुम्ही खर्च भरला असेल तर तो वेगळा.

इथे एक निर्णय लपलाय. 40 टक्के 4,658 चे धरले तर तुमचा वाटा 1,863 होतो आणि सगळा खर्च दादांच्या माथी. दोन्ही पद्धती चालतात, पण कोणती ते आधी बोला.

न्यूजर्सीकर
अमेरिकेतल्या कपातीबद्दल एक भर घालतो. माझ्या बहिणीच्या मराठी चॅनलला इकडचे प्रेक्षक थोडेच असले तरी उत्पन्नातला त्यांचा हिस्सा बऱ्यापैकी असतो, कारण इथल्या जाहिरातींचा दर जास्त. त्यामुळे दादांनी फॉर्म भरलाय का, हे ताईंनी जरूर विचारावं. यूट्यूबच्या मदत पानावरच भारतातल्या क्रिएटरचं उदाहरण दिलंय. 1000 डॉलरपैकी 100 अमेरिकी प्रेक्षकांचे असतील, तर फॉर्म भरून कराराचा लाभ घेतल्यावर कपात 15 डॉलर. फॉर्मच भरला नाही तर एकूण कमाईवर 24 टक्क्यांपर्यंत, म्हणजे 240 डॉलर. त्यांच्या कागदपत्रांतल्या ढिलाईचा भार 40 टक्केवालीवर का पडावा?

सह्यकडा
बरोबर. अशी जादा कपात चॅनलमालकाची, असं लिहून ठेवता येतं.

आता "मला कसं कळणार" याकडे. यूट्यूबच्या परवानग्यांमध्ये Viewer आणि Viewer (limited) अशा दोन भूमिका आहेत. पहिलीत कमाई दिसते, दुसरीत नाही. पण Viewer दिलं की दादांच्या संपूर्ण चॅनलची कमाई तुम्हाला दिसेल, फक्त एका व्हिडिओची अशी परवानगी नसते. बरेच जण ते देत नाहीत आणि त्यांचं म्हणणं समजण्यासारखं आहे.

मधला मार्ग असा. स्टुडिओ संगणकावर उघडून तो व्हिडिओ, त्याचं Analytics, मग Revenue. तिथून Advanced mode मध्ये गेलं की वरच्या कोपऱ्यात एक्सपोर्टचं बटण असतं. महिन्याची पहिली ते शेवटची तारीख निवडायची, एकदा एकूण आणि एकदा Geography निवडून फाइल काढायची. दुसरीत अमेरिकेचा आकडा वेगळा येतो. या दोन फाइली आणि बँकेच्या जमेची ओळ, एवढं महिन्याला पाठवलं की पुरे. स्क्रीनशॉट टाळा. त्यात तारखांचा पल्ला अनेकदा कापलेला असतो आणि "28 दिवस" हा आकडा "मार्च" म्हणून पुढे जातो. यूट्यूबचा दिवस कॅलिफोर्नियाच्या वेळेने बदलतो, म्हणून तुमच्या मोजणीत महिन्याच्या कडेला थोडा फरक दिसला तर त्यावरून शंका घेऊ नका.

ताळेबंद
हिशोब सह्यकडांनी छान मांडला. मी कराची बाजू सांगतो, कारण दादांच्या सीएने तो वाटा कशात बसवायचा हा प्रश्न ते नक्की विचारतील.

गूगलकडून आलेली पूर्ण रक्कम दादांच्या नावावर येते. त्यांच्या उत्पन्नात ती पूर्ण दिसते आणि ताईंना दिलेला वाटा हा त्यांचा खर्च. त्यासाठी ताईंनी दर वेळी एक साधं बिल द्यावं: नाव, पत्ता, पॅन, तारीख, बिल क्रमांक, "अमुक व्हिडिओसाठी सादरीकरण व पाककृती मानधन, मार्च" आणि रक्कम. पैसे बँकेतून किंवा यूपीआयने, रोख नको. ताईंच्या बाजूने ते उत्पन्न.

एक अडचण लक्षात ठेवा. दादा अंदाजित उत्पन्नाच्या योजनेखाली, म्हणजे उलाढालीचा ठरावीक टक्का नफा दाखवून कर भरत असतील, तर दिलेला वाटा त्यांना वेगळा खर्च म्हणून दाखवता येत नाही. मग 40 टक्के देऊनही त्या पैशांवरचा कर तेच भरतात. पुढे ते "कर वजा जाता वाटू" म्हणाले तर त्यांच्या मनात खोट आहे असं समजू नका, त्यामागे हे कारण असू शकतं. पण बोलणं आधी झालेलं असावं.

जीएसटीसाठी सेवांची मर्यादा सर्वसाधारणपणे वर्षाला 20 लाख. त्यात गूगलकडून आलेली संपूर्ण रक्कम मोजतात, वाटा वजा करून उरलेली नव्हे. मोठं चॅनल या रेषेजवळ असेल तर सगळे संयुक्त व्हिडिओ त्याच्याकडे ठेवणं त्याला महाग पडू शकतं. टीडीएसचं म्हणाल तर, देणारी व्यक्ती वैयक्तिक असेल आणि आदल्या वर्षी तिची उलाढाल व्यापारात 1 कोटी किंवा पेशात 50 लाखांच्या आत असेल तर अशा मानधनावर तिला तो कापावा लागत नाही. दादांनी कंपनी काढली असेल तर वेगळा विचार.

रानवाटा
रीलबद्दल कोणी सविस्तर लिहिलं नाही म्हणून लिहितो. इन्स्टावर रील कोण आधी टाकतं याला फार महत्त्व आहे. जो टाकतो तो मालक. कॅप्शन तोच बदलू शकतो, आणि त्याने रील डिलीट केलं किंवा अर्काइव्हला टाकलं की दोघांच्या प्रोफाइलवरून जातं, व्ह्यूज आणि कमेंटसकट. दुसऱ्याला फक्त आपलं नाव काढून घेता येतं. त्याच्या प्रोफाइलवरून रील जातं, मूळ मालकाकडे राहतं.

आमंत्रण पोस्ट टाकतानाच पाठवायचं, लोकांना टॅग करायच्या पडद्यावरून. समोरच्याने स्वीकारेपर्यंत रील एकाच प्रोफाइलवर असतं. सकाळी सातला टाकलं आणि समोरच्याने दुपारी दोनला स्वीकारलं, तर सुरुवातीचे तास त्याच्या फॉलोअरपर्यंत रील पोचलेलंच नसतं. म्हणून फोनवर बोलत असतानाच टाका आणि तिथल्या तिथे स्वीकारून घ्या. आमंत्रण जातच नसेल तर समोरच्याच्या सेटिंगमध्ये टॅग कोण करू शकतो तिथे बंदी आहे का बघा, बहुधा तिथेच अडतं.

पोटोबा
मग रील ताईंनीच टाकावं ना? यूट्यूब दादांकडे, इन्स्टा ताईंकडे. बरोबरी झाली.

रानवाटा
हो, ही सूचना पटली. आपल्याकडे रीलमधून मिळणारा पैसा मुख्यतः ब्रँडकडूनच येतो. उद्या एखाद्या मसाला कंपनीने त्या रीलवर जाहिरात चालवायची परवानगी मागितली तर बोलणी मालकाशी होतील. ते पैसे कसे वाटायचे हेही ठरवून घ्या. यूट्यूबच्या 40 टक्क्यांत ते आपोआप येत नाहीत.

मीठभाकर
हे सगळं लेखी करायचं म्हणजे वकील लागेल का? दादांना असं काही पाठवलं तर त्यांना अविश्वास वाटेल अशी धाकधूक आहे.

सह्यकडा
एवढ्या रकमेला वकील नको. ईमेलवर साध्या मराठीत लिहा आणि त्यांच्याकडून "मान्य" असं उत्तर घ्या. मसुदा साधारण असा:

"तांबडा-पांढरा रस्सा हा व्हिडिओ आपल्या चॅनलवर राहील. मी त्यात कोलॅबोरेटर असेन आणि वर्णनाच्या पहिल्या दोन ओळींत पाककृती व सादरीकरण म्हणून माझं नाव व चॅनलचा दुवा असेल. या व्हिडिओच्या पक्क्या कमाईतून अमेरिकेतली कपात आणि ठरलेला खर्च 3,000 रुपये एकदाच वजा करून उरलेल्या रकमेचे 40 टक्के मला मिळतील. हिशोब दर तीन महिन्यांनी, पैसे आपल्या खात्यात जमा झाल्यापासून 10 दिवसांत. ही वाटणी व्हिडिओ चढल्यापासून 24 महिने. व्हिडिओ काढायचा असल्यास 15 दिवस आधी कळवायचं. कच्चं चित्रीकरण दोघांकडे राहील, त्यातून एक मिनिटापर्यंतचे तुकडे दोघंही वापरू शकतात. संगीत आपण निवडलंत तर त्यावरच्या दाव्याची जबाबदारी आपली, मी निवडलं तर माझी."

तीन महिन्यांनी हिशोब ठेवायचं कारण वरच्या उदाहरणात दिसलंच. महिन्याला 663 रुपयांसाठी बिल आणि फाइली पाठवत बसलं तर दोघंही कंटाळतात आणि तिसऱ्या महिन्यात हिशोब थांबतो.

संगीताची ओळ मुद्दाम घातलीय. पार्श्वभूमीला एखादं गाणं काही सेकंद वाजलं आणि गाण्याच्या मालकाने दावा केला तर मोठ्या व्हिडिओची जाहिरातीची कमाई त्याच्याकडे जाऊ शकते. 60 आणि 40 दोन्ही शून्य. दावा चुकीचा वाटत असेल तर 5 दिवसांच्या आत हरकत नोंदवली की पहिल्या दिवसापासूनची कमाई राखून ठेवतात. पाच दिवसांनंतर नोंदवली तर हरकतीच्या दिवसापासूनचीच. आणि दाव्याची सूचना फक्त चॅनलमालकाला येते, म्हणून "दावा आला की त्याच दिवशी मला कळवायचं" असं एक वाक्य जोडा.

ताळेबंद
मसुदा चांगला आहे, फक्त एक दुरुस्ती. कॉपीराइट कायद्यात चित्रफितीचा कर्ता निर्माता असतो, म्हणजे ती तयार करायचा पुढाकार आणि जबाबदारी घेणारा. चॅनल दादांचं, कॅमेरा त्यांचा, एडिटरला पैसे त्यांनी दिले, तर निर्माते तेच ठरण्याची शक्यता जास्त. "आमचा दोघांचा व्हिडिओ" असं तोंडी म्हटल्याने ताईंना मालकी मिळत नाही. हक्क हस्तांतरित करायचा तर 1957 च्या कायद्यानुसार सहीनिशी लेखी लागतं. त्यात मुदत लिहिली नाही तर ती 5 वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. त्यामुळे तुकडे वापरायच्या परवानगीपुढे "कायमसाठी, जगभर" असं लिहा आणि तेवढ्या भागावर दोघांच्या सह्या घ्या. पीडीएफवर केल्या तरी चालतील, पण नुसतं व्हॉट्सॲपवरचं "ओके" त्यासाठी कमी पडतं.

रानवाटा
त्या एक मिनिटाच्या तुकड्यांबद्दल. ते यूट्यूबवर शॉर्ट म्हणून टाकणार असाल तर व्ह्यूजच्या आकड्याला भुलू नका. 31 मार्च 2025 पासून शॉर्ट नुसतं सुरू झालं तरी व्ह्यू मोजला जातो. पैसे आणि पार्टनर प्रोग्रॅमची पात्रता मात्र एंगेज्ड व्ह्यूजवर, म्हणजे खरोखर बघत राहिलेल्यांच्या व्ह्यूजवर ठरते आणि तो आकडा कमी असतो, ॲनालिटिक्समध्ये वेगळा दिसतो. वाटणीच्या बोलण्यात "व्ह्यूज" हा शब्द आला तर कोणते ते विचारा.

अनामिका_ठाणे
नवा धागा काढते, धन्यवाद ताळेबंद. पण एक विचारू का? 40 टक्के हा आकडा आला कुठून? रेसिपी, स्वयंपाकघर, सादरीकरण सगळं ताईंचं. मग 50 का नाही?

सह्यकडा
याला नियम नाही. प्रेक्षक कोणाचे ते बघावं असं काही म्हणतात, कामाचे तास मोजावेत असं काही. मला कामाचा हिशोब जास्त न्याय्य वाटतो, कारण मोठ्या चॅनलला पैशांशिवाय दुसरा फायदाही मिळतोच: वॉच टाइम आणि नवे सबस्क्रायबर त्याच्याकडे राहतात.

न्यूजर्सीकर
मला उलट वाटतं. लाख लोक आणायला दादांना कित्येक वर्षं लागली असतील. ताईंनी हाच व्हिडिओ एकटीने केला तर पाच हजार व्ह्यूज येतील असं त्या स्वतःच म्हणतात. त्या हिशोबाने 40 टक्के उदार आहेत. शिवाय कोलॅबोरेटर म्हणून मिळणारे सबस्क्रायबर कायमचे त्यांच्याकडे राहणार.

पोटोबा
एक सुचवू? पहिल्या 30 दिवसांत ताईंच्या चॅनलला त्या व्हिडिओवरून किती सबस्क्रायबर आले ते बघून टक्का ठरवायचा. भरपूर आले तर 30, कमी आले तर 50.

सह्यकडा
कल्पना विचार करण्यासारखी आहे, पण मोजणार कसं? त्याच आठवड्यात रीलही चालू असेल आणि ताईंचा स्वतःचा व्हिडिओही. कोणता सबस्क्रायबर कुठून आला हे चॅनलच्या एकूण वाढीवरून सांगता येत नाही. मोजता येणार नाही त्या आकड्यावर टक्का बांधू नये.

मीठभाकर
सगळ्यांचे आभार. असं ठरवतेय: मसाल्याचा मोठा व्हिडिओ दादांकडे, त्यात 40 टक्के, वरच्या मसुद्याप्रमाणे, ताळेबंद यांची दुरुस्ती घालून. थाळीचा वेगळा व्हिडिओ माझ्या चॅनलवर, त्याचे तास माझे. रील मी टाकणार. खर्च आधी वजा करायचा की नाही, एवढं एकच दादांशी बोलायचं राहिलंय. मटण आणि मसाला मी आणणार आहे आणि एडिटर त्यांचा महिन्याच्या पगारावरचा आहे. मग त्याचे 2,000 या व्हिडिओच्या नावाने कसे धरायचे?

ताळेबंद
पगारी एडिटर असेल तर त्याने या व्हिडिओला दिलेले दिवस मोजा. महिन्याचे कामाचे 25 दिवस धरून पगाराला भागा, आणि जितके दिवस या व्हिडिओला गेले तेवढ्याने गुणा. 20 हजार पगार आणि अडीच दिवस, तर 2,000. दिवस किती ते एडिटरकडूनच लिहून घ्या, अंदाजाने नको. आणि तुमचे मटणाचे पैसेही त्याच रकान्यात यायला हवेत. बिल जपून ठेवा, खाटकाकडून साधी पावती मागितली तरी मिळते.

न्यूजर्सीकर
आणि तुमच्या स्वयंपाकघराचं काय? गॅस, भांडी, दिवसभराची जागा. स्टुडिओ भाड्याने घेतला असता तर तो खर्चात धरलाच असता.

सह्यकडा
धरता येईल, पण मग त्यांच्या कॅमेऱ्याचं आणि दिव्यांचं भाडंही धरावं लागेल. ज्याच्याकडे जे आधीपासून आहे ते सोडून द्यावं आणि या व्हिडिओसाठी नव्याने खिशातून गेलेलंच लिहावं, असं माझं मत. पण मग पगारी एडिटरही "आधीपासून आहे" यातच मोडतो आणि ताळेबंद यांचे 2,000 खर्चात येत नाहीत. ताईंनी दोन्ही बाजू दादांपुढे ठेवाव्यात.

ताळेबंद
एडिटर सोडला तर खर्च फक्त मटण-मसाल्याचे 1,000 उरतात. वरच्याच उदाहरणात मग वाटायला 3,658 राहतात आणि 40 टक्के होतात 1,463. 663 आणि 1,463 मध्ये फरक मोठा आहे. मीठभाकरताई, दादांशी बोलायला बसाल तेव्हा हे दोन्ही आकडे लिहून न्या.